आठ वाजताचा मेसेज

ऐश्वर्या ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका पॅकेजिंग कंपनीत क्वालिटी चेकिंगला होती. सातला शिफ्ट सुरू व्हायची आणि फ्लोअरवर मोबाईल न्यायची बंदी, म्हणून फोन लॉकरमध्ये. सासूबाई, जनाबाई, कल्याणला एकट्या राहायच्या. दर रविवारी कोलशेतच्या घरून जाऊन त्यांच्या आठवड्याच्या गोळ्या डबीत लावून देणं ऐश्वर्याकडेच होतं.

एका रविवारी ती गोळ्या लावत बसलेली असताना जनाबाई शेजारच्या शांताबाईंना सांगत होत्या, "आमची धाकटी सून, अक्षदा, डोंबिवलीला असते, पण रोज आठच्या ठोक्याला मेसेज येतो. आई, नाश्त्याआधीची गोळी घेतली का? एक दिवस चुकत नाही."

ऐश्वर्याने डबीचा पुढचा कप्पा भरला. गोळ्या कोण लावतं, ते त्यांनी सांगितलंच नाही.

बसमध्ये तिने फोन काढला. नवऱ्याने, साईनाथने, सेकंडहँड आयफोन घेऊन दिलेला. शॉर्टकट्स नावाच्या ॲपमध्ये जाऊन तिने ऑटोमेशन बनवलं: रोज आठ वाजता आईंना मेसेज. पुढे दोन पर्याय होते, 'रन इमिजिएटली' आणि 'रन आफ्टर कन्फर्मेशन'. आपल्याला न विचारता काही जाऊ नये, म्हणून तिने दुसरा निवडला.

सोमवारी सव्वा दहाच्या चहाच्या सुट्टीत लॉकर उघडला तर स्क्रीनवर नोटिफिकेशन तसंच पडून होतं. तिने दाबून 'रन' केलं, तेव्हा कुठे मेसेज गेला. जनाबाईंचं उत्तर आलं, "अगं, आता? गोळी केव्हाच घेतली. अक्षदाने विचारलेलं."

तीन दिवस असंच झालं. चौथ्या दिवशी मन मारून तिने धाकट्या जावेला, अक्षदाला, फोन केला.

"ताई, तुम्ही कन्फर्मेशनवाला ठेवला असणार," अक्षदा सहज म्हणाली. "तो फक्त विचारतो, दाबेपर्यंत थांबून राहतो. रन इमिजिएटली करा, आणि खालचं नोटिफाय बंद करा. मेसेजच्या ॲक्शनमध्ये 'शो व्हेन रन' असतं, तेही बंद करा, नाहीतर मेसेज उघडून पाठवा म्हणत बसेल. एकदा हाताने चालवून परवानगी द्या. मग कळतही नाही कधी गेला ते. मी तर आठला झोपलेली असते."

झोपलेली. ऐश्वर्याला त्या एका शब्दाने इतकं बरं वाटलं की तिलाच लाज वाटली. आईंना हे एकदा कळायलाच हवं, असं तिने ठरवलं. पण आधी स्वतःचं ऑटोमेशन बदलून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून तिचाही मेसेज आठला गुपचूप जाऊ लागला.

पुढच्या महिन्यात जनाबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा दोघी सुना कल्याणला राहायला आल्या. दुसऱ्या सकाळी अक्षदा आंघोळीला गेलेली, ऐश्वर्या पोळ्यांची कणीक मळत होती. आठ वाजले आणि जनाबाईंचा फोन वाजला.

"कोणाचा गं? मला दिसत नाही, वाच."

"अक्षदाचा," ऐश्वर्या वाकून बघत म्हणाली. मग तिला राहवेना. "ती तर आंघोळीला गेलीये, आई. तिचा फोन तो बघा, टेबलावर चार्जिंगला. मग पाठवला कोणी?"

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. ऐश्वर्याचे दोन्ही हात कणकेत होते, आणि स्क्रीनवर तिचंच नाव होतं.

"हा कोणाचा?" जनाबाईंनी विचारलं. ती पुन्हा कणीक मळू लागली.

अक्षदा केस पुसत बाहेर आली, तिने दोन्ही मेसेज पाहिले आणि सगळं सरळ सांगून टाकलं. फोनच वेळ झाली की पाठवतो, दोघींचाही. सांगताना तिने ऐश्वर्याकडे बघितलंही नाही.

जनाबाई म्हणाल्या, "म्हणजे मी रोज 'घेतली' म्हणून उत्तर देत होते, ते कोणाला? तुम्ही स्वतः न पाठवलेला मेसेज मला नको. आठवण आली तर करा."

कोलशेतला परतल्यावर ऐश्वर्याने ऑटोमेशन काढून टाकलं नाही. पुन्हा 'रन आफ्टर कन्फर्मेशन' केलं, वेळ मात्र पावणेसातची लावली. तेव्हा ती कंपनीच्या बसमध्ये असते आणि जनाबाई उठलेल्या असतात. नोटिफिकेशन आलं की ती स्वतः दाबते.

पहिल्या दिवशी तिने मेसेजमध्येच लिहून ठेवलं होतं, "आई, हा मी दाबून पाठवला." लगेच उत्तर आलं, "घेते गोळी. तू काही खाऊन निघालीस का?"

ऐश्वर्याने ते दोनदा वाचलं. मग मनात आलं, अक्षदा आता रोज नऊला आईंना फोन करते म्हणे. तिलाही हेच विचारत असतील का? बस वागळे इस्टेटला शिरेपर्यंत ती तेवढाच विचार करत राहिली.