मातीच्या सासूबाई

धाकटी जाऊ घरात आल्यापासून माझा जळफळाट चालू होता, उगाच कशाला लपवू? तिने साधा चहा केला तरी सासूबाई म्हणायच्या, “लय गोड हात हाय पोरीचा.” आणि मी? गंगापूर रोडच्या फोटो स्टुडिओत दिवसभर लोकांचे चेहरे उजळून देणारी थोरली. माझं कौतुक गिऱ्हाइकांनी करावं, घरच्यांनी नाही.

सासूबाईंच्या पंचाहत्तरीच्या फ्लेक्सवर मातीच्या बाहुलीसारखा फोटो टाकायचं ठरलं. हल्ली सगळे तेच करतात. मी म्हटलं, माझं रोजचंच काम आहे. तेवढ्यात धाकटी म्हणाली, “मीपण मोबाइलवर करून बघते हं, वहिनी.” अगं बाई! माझ्या धंद्यात पण हिला लुडबुड करायचीय? नवरा म्हणाला, दोघी करा, आई निवडेल.

मी इरेला पेटले. आधी फोटो नेहमीसारखा साफ केला, मग एआयला दिला आणि लिहिलं: चेहरेपट्टी आणि नऊवारी तीच ठेव, डोकं मोठं, हातपाय आखूड, बोटं जाडजाड, एका बाजूने मऊ स्टुडिओ लाइट, सावली हलकी, चकाकी नको, मातीवर बोटांचे ठसे दिसू देत. पहिल्यांदा ठसे गालांवर इतके दाटले की सासूबाई शंभरीच्या दिसायला लागल्या. मग गालांवर ठसे पुसट कर, लुगड्याच्या चुण्यांवर ठळक ठेव, असं सांगितलं. काय फोटो आला म्हणून सांगू! हात लावला तर बोट रुतेल असं वाटावं.

धाकटीचा? प्लॅस्टिकसारखा चकचकीत, अंगभर एकसारखे ठसे, उजेड सगळीकडून सारखाच. मला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

सासूबाईंनी दोन्ही फोटो डोळ्यांजवळ धरून बघितले. माझ्या फोटोवर बोट ठेवलं. “ही कोण?”

“तुम्हीच की, आई.”

“माझं गोंदण कुठं हाय?”

मी फोटो जवळ ओढून बघितला. हनुवटीवरचे तीन हिरवे ठिपके. स्टुडिओत फोटो आला की डाग, पुटकुळ्या आधी उडवायच्या, ही हाताला लागलेली सवय. त्यांच्यासोबत ठिपकेही गेले होते. धाकटीने एआयला फोटो तसाच्या तसा दिला होता, वर ‘हनुवटीवरचं गोंदण ठेव’ असंही लिहिलं होतं.

“दोन मिनिटांत टाकते, आई.”

“ऱ्हाऊ दे. दिंडोरीच्या बाजारात माझ्या आयनं मांडीवर घेऊन गोंदवलं व्हतं. इतकी वर्सं माझ्यासमोर बसून जेवतीस, तुला कधी दिसलंच नाय व्हय?”

फ्लेक्सवर धाकटीचा फोटो लागला. पाहुणे म्हणत होते, काय हुबेहूब केलंय! माझा तिच्यापेक्षा कितीतरी सरस होता, हे मी आजही कुणालाही पटवून देईन. फक्त सासूबाईंसमोर माझं तोंड उघडत नाही.