ताईंची जुनी प्रोसिजर

भिलाईतल्या एका कारखान्यात गेटपासचा डेटाबेस ताई आणि मी सांभाळायचो. ताई नागपूरकडच्या, निवृत्तीला आलेल्या. मी नवा आणि अतिशहाणा. एका टेबलातल्या ‘टोकन’ कॉलमचं नाव बदलायचं होतं.

“सीधं नाव बदलू नको,” ताई म्हणाल्या. “बाजूले नवा कॉलम टाक, दोन्ही भरत राय. व्ह्यू, प्रोसिजर, प्रोग्राम एकेक करून नव्यावर ने. जुन्याले कोणी वापरत नाही हे पाय, मंगच काढ.”

मला हा वेळकाढूपणा वाटला. ताई रजेवर असताना एका सकाळी, पहिली पाळी आत गेल्यावर, मी प्रोग्राम आणि व्ह्यू, म्हणजे टेबलावरून बनणाऱ्या तयार याद्या, सुधारले आणि एका कमांडने नाव बदलून टाकलं. स्टोअर्ड प्रोसिजर, म्हणजे डेटाबेसमध्येच साठवलेल्या आज्ञांच्या मालिका, उघडूनही पाहिल्या नाहीत. सकाळ सुरळीत गेली. पण ताईंनी लिहिलेली एक प्रोसिजर फक्त पाळी बदलताना चालायची. दुपारी तिला जुना कॉलम सापडेना, आणि दुसऱ्या पाळीची माणसं गेटबाहेर उन्हात खोळंबली.

मी ताईंना फोन केला. “पहिले जुनं नाव परत दे,” त्या म्हणाल्या. “व्ह्यू, प्रोग्रामही जुनेच टाक.” गेट सुरू झालं.

साहेबांनी कारण विचारलं. “ताईंची जुनी प्रोसिजर अडकली, सर,” मी सांगितलं.

ताईंच्या निरोप समारंभात साहेबांनी तोच किस्सा सांगितला: ताईंच्या प्रोसिजरने एकदा गेट बंद पाडलं होतं! सगळे हसले. ताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि त्याही हसल्या.

मी टाळ्या वाजवल्या.