सेक्रेटरींना आवरणं

मी सदानंद पालव, चंदनसारच्या आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. एका नजरेत माणूस ओळखतो, असा माझा स्वतःबद्दल समज. मागचा मॅनेजर त्याच नजरेने निवडला. "पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?" या प्रश्नावर त्याचं इंग्रजी ऐकून मी खूश झालो. पुढे लिफ्ट बंद पडली की तो गच्चीवर जाऊन बसायचा.

यंदा खजिनदार जयवंतीबाईंनी मुलाखतींआधीच मला कागद घेऊन बसवलं. "मॅनेजरने रोज काय करायचं ते आधी लिहा. मग प्रत्येक कामावर एक प्रश्न. सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न, आणि चांगलं उत्तर कशाला म्हणायचं तेही आजच ठरवू."

मी लिहिलं, टँकर मागवणं, लिफ्टवाल्याच्या मागे लागणं, पार्किंगची भांडणं मिटवणं. बाईंनी कागद ओढून खाली एक काम वाढवलं: सेक्रेटरींना आवरणं. मी हसलो. कमिटीतलं दुसरं कोणीच हसलं नाही.

मुलाखतीला तेजस्वी नावाची मुलगी आली. टँकर आला नाही तर? "दुसऱ्या टँकरवाल्याला सांगून ठेवलेलं असेल, आणि घरोघर मेसेज जाईल."

मग बाईंनी शेवटचा प्रश्न काढला. "लोक बादल्या घेऊन उभे आहेत आणि सेक्रेटरींचं भाषण चालू आहे. काय कराल?"

"टँकरला रस्ता दाखवायला त्यांनाच गेटवर पाठवीन."

पूर्ण गुण.

आता टँकर यायचा असला की मी गेटवर उभा असतो. टँकरवाल्याला रस्ता पाठ आहे, हे माझ्या परवा लक्षात आलं.