बाटली भिजू नये म्हणून

मावशीचं आणि पावसाचं उभ्या जन्मात पटलं नाही. तिची लॉन्ड्री. खाली धुणं आणि इस्त्री, वर गच्चीवर दोऱ्या. लॉजच्या चादरी, दवाखान्याचे पडदे, कुणाकुणाचे सदरे. ढग काळवंडला की तिच्या पायांना डोळे फुटायचे. पहिला थेंब पडायच्या आत ती गच्चीवर आणि दुसऱ्या थेंबाला सगळं तिच्या कवेत. शेजारचे शिंपीकाका म्हणायचे, "वेधशाळा कशाला हवी? मावशी जिना चढली की छत्री काढावी." पण एवढ्या वर्षांत तिने पाऊस असा पाहिलाच नव्हता. चोराच्या मागे धावणाऱ्याला चोराचं तोंड कुठं दिसतं?

बहिणीची मुलगी शिकायला तिच्याकडे राहायला आली. तिला सगळे छोटी म्हणत. शाळेत बाईंनी प्रकल्प दिला : घरी पर्जन्यमापक करायचा आणि महिनाभर रोजचा पाऊस लिहायचा. छोटीने सरळ अंगाची बाटली घेतली आणि गळ्याखालून कापली. गवंड्याकडून मूठभर सिमेंट मागून तळाचे खड्डे बुजवले, वरून सपाट केलं. त्या सपाटीपासून मिलिमीटरची कागदी पट्टी लावली, वर चिकटपट्टी. कापलेला गळा उलटा करून तोंडात बसवला, म्हणजे आतलं पाणी उन्हाने उडून जायला नको.

"आता ही गच्चीच्या मधोमध ठेवायची," छोटी म्हणाली. "भिंतीपासून लांब. वर काही नको."

"मधोमध माझी चादरींची दोरी आहे बाई!"

"चादर ठिबकली तर तो पाऊस होईल का, मावशी?"

मावशी पुटपुटली, पण तिने दोरी सरकवली. लॉजवाल्याचं नसतं ऐकलं तिने एवढं. छोटीने तिथं चार विटांच्या आधाराने बाटली उभी केली.

रोज सकाळी शाळेआधी छोटी गुडघे टेकून डोळा पाण्याच्या रेषेला आणायची, आकडा लिहायची, पाणी ओतून द्यायची. कधी चार, कधी नऊ. पाऊस नसला तर शून्य.

"काही पडलंच नाही तर लिहायचं कशाला?" मावशीने विचारलं.

"शून्य म्हणजे बघितलं आणि नव्हता. रेघ म्हणजे बघितलंच नाही. बाई म्हणतात, अंदाजाने लिहायचं नाही."

मावशीला हे आवडलं. हळूहळू तीही छोटीमागून वर जाऊ लागली. उलटा गळा काढला की दोघी वाकून त्या बोटभर पाण्यात बघायच्या. त्यात एक इवलं आभाळ असायचं, कधी एखादा पक्षीही त्यातून जायचा. मावशीला रात्री स्वप्न पडलं, की आख्खी गच्ची म्हणजे एक बाटली आहे, आपण तळाशी उभ्या आहोत आणि पाणी हलकेच घोट्यांना लागतंय. कपडे मात्र कुठेच नाहीत. स्वप्नातसुद्धा तिला त्याचं नवल वाटलं.

प्रकल्प द्यायला आठवडा उरला होता. त्या दुपारी छोटी शाळेत होती आणि आभाळ एकाएकी शाईसारखं झालं. मावशी वर पळाली. चादरी ओढल्या, सदरे खेचले, पडदे खांद्यावर टाकले. हात म्हणजे सवयीचे गुलाम. जे दिसलं ते उचललं. खाली येऊन दार लावलं आणि मग जो काय कोसळला! आभाळ फाटलं म्हणतात तसा. रस्ता दिसेना. मावशी चादरींच्या ढिगाला टेकून बसली. एक टाकासुद्धा ओला नाही. दारापुढच्या पत्र्यावरचा आवाज ऐकता ऐकता तिला गोड गुंगी आली.

पाऊस थांबला आणि छोटी नखशिखांत भिजून दारात.

"मावशी, केवढा पडला! महिन्यातला सगळ्यात मोठा! बाटली भरत आली असेल!"

मावशीने हसून मान वळवली आणि हसू तिथंच थिजलं. इस्त्रीच्या फळीवर, घडी केलेल्या सदऱ्यांशेजारी, बाटली उभी होती. कोरडी ठणठणीत.

"अगं... भिजेल म्हणून आणली गं मी."

छोटी रडली नाही, ओरडली नाही. खाली बसून नुसती वेणी पिळत राहिली. तेच मावशीला फार लागलं.

"असं कर," ती चाचरत म्हणाली, "नळाचं घाल थोडं. कोण बघायला येतंय?"

"किती घालू? तेच तर माहीत नाही ना."



सकाळी छोटी वहीत रेघ मारायच्या बेताने गच्चीवर गेली. मावशी मागून, मान खाली घालून. तिथं विटांपाशी तिचा चिमट्यांचा डबा होता. पत्र्याचा चौकोनी, वरचं झाकण कापलेला. लाकडी चिमट्यांना पावसाची काय भीती, म्हणून तो तिने कधीच आत नेला नव्हता. चिमटे पाण्यावर तरंगत होते. छोटी बघतच राहिली.

"मावशी, हा काल रिकामा होता? पाणी नव्हतं ना यात?"

"चिमटे होते. पाणी कुठलं? ऊन होतं सकाळभर."

छोटीने एकेक चिमटा झटकून काढला. शाळेच्या पट्टीला शून्याआधी थोडी जागा सुटलेली असते, म्हणून शिंपीकाकांची लोखंडी पट्टी आणली, जिचं शून्य अगदी टोकाला. डब्यात सरळ उभी धरली. त्रेचाळीस.

"पण डब्याचं तोंड केवढं आणि तुझ्या बाटलीचं केवढं! यात जास्त येणारच."

"तोंड मोठं तसं पोटही मोठं. उंची सारखीच यायला हवी." मग ओठ चावत म्हणाली, "असं मला वाटतं. खरं करून बघायला हवं. दोन्ही शेजारी ठेवायची आणि पुढचा पाऊस मोजायचा. आला तर."

आला तर! नेमकं त्यानंतर आभाळ असं स्वच्छ, की धुऊन निळीत घातल्यासारखं. कपडे तासात वाळत होते आणि मावशीचा जीव वर-खाली. छोटी रोज शून्य लिहीत होती. मावशी दारात येऊन आभाळाकडे डोळे लावायची.

"काय मावशी," शिंपीकाका म्हणाले, "चुकलंय का काही? आज चादरी वाळल्या तरी तोंड वाकडं?"

"पाऊस हवाय मला," मावशी म्हणाली.

काकांच्या हातातली सुई थांबली. "पुन्हा म्हण. सूनबाईला बोलावतो, साक्षीदार हवा."

वही द्यायच्या आदल्या दुपारी, छोटी शाळेत असताना, वारा पडला. वर दोरीवर चादरी होत्या. पहिला थेंब मावशीच्या मनगटावर टपकला. तिने चादरी ओढल्या, सगळ्या कवेत घेतल्या, आणि हात आपसूक विटांकडे गेला. बोटं बाटलीला लागली. तिने ती अशी मागे घेतली, जशी तापलेल्या इस्त्रीवरून घ्यावीत.

चादरी खाली टाकून ती पुन्हा वर आली. का आली कुणास ठाऊक. उचलायला काही नव्हतं. रिकाम्या हातांनी ती बाटली आणि डब्यापासून लांब, कठड्याशी उभी राहिली. बाटलीत थेंब पडत होते टिप टिप, डब्यात टण टण. समोरची घरं पुसट झाली, मग नुसता पांढरा पडदा हलत राहिला, कुणीतरी लांबवर वाळत घातल्यासारखा. केस कपाळाला चिकटले. पाऊस असा दिसतो होय, ती मनात म्हणाली.

सकाळी छोटीने दोन्हींत पाहिलं. बाटलीत अकरा. डब्यात अकरा.

तिने रेघेच्या जागी त्रेचाळीस लिहिलं आणि शेवटच्या रकान्यात बारीक अक्षरात : बाटली आत होती. माप चिमट्यांच्या डब्यातलं. नंतर दोन्ही एकत्र ठेवून ताडून पाहिलं.

"बाटली आत का होती, ते नाही ना लिहिलंस?" मावशीने विचारलं आणि तिला दणदणीत शिंक आली.

"बाईंनी विचारलं तर सांगेन," छोटी दप्तर उचलत म्हणाली. "भिजेल म्हणून."