वीरण्णा सरांचा हलका आठवडा

लातूर जिल्हा होऊन तिसरंच वर्ष. उदगीरच्या आमच्या शाळेला पहिल्यांदाच जिल्हा क्रिकेट स्पर्धेचं पत्र आलं आणि त्याच वर्षी पावसानं दडी मारली. खेळाचे शिक्षक वीरण्णा सर नुकतेच बाहेरून शिबिर करून आले होते. त्यांनी आठ आठवड्यांचा तक्ता, चेंडूंचा आलेख काढून, शाळेच्या भिंतीवर लावला. वेगवान गोलंदाजांसाठी पहिल्या आठवड्यात नव्वद चेंडू, मग शंभर, मग एकशेदहा. चौथा हलका, पंच्याऐंशीचा. पुढे पुन्हा चढ, सातव्यात एकशेपस्तीस, आणि सामन्याआधीच्या आठव्यात फक्त ऐंशी. सर म्हणायचे, सरावात शरीर थकतं आणि विश्रांतीत घट्ट होतं.

तिसऱ्या आठवड्यातच श्रीमंत नावाच्या गोलंदाजाचा खांदा दुखायला लागला. सरांनी चौकशी केली, तर कळलं की पोरगा रोज हातपंपावरून बारा घागरी आणत होता. सर रात्रभर झोपले नाहीत. त्यांच्या तक्त्यात घागरीच नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी ते वही घेऊन घरोघर फिरले. श्रीमंतच्या आईला, सिद्धम्माला, त्यांनी गंभीरपणे सांगितलं, की चौथा आठवडा हलका आहे, तेव्हा घागरी निम्म्याच धराव्यात.

सिद्धम्मानं पदर सावरला. "सर, तहानेला बी हलका आठवडा हाय का?"

पण सर हटले नाहीत. परत येऊन त्यांनी तक्ता बदलला. घागरी ही ताकदीची कसरत धरली, ओझं उजव्या-डाव्या हाताला आलटून-पालटून द्यायला सांगितलं आणि ज्याच्या घागरी जास्त, त्याचे चेंडू आणि धावणं कमी केलं. श्रीमंतला चौथ्या आठवड्यात फक्त साठ चेंडू आले.

तेवढ्यात संस्थेचे अध्यक्ष ईश्वरप्पा आले. आलेखाची रेघ चौथ्या आठवड्यात खाली वळलेली बघून त्यांचं तोंड उतरलं. नवा जिल्हा, साहेब तपासणीला येणार आणि शाळेची प्रगती उतरलेली! त्यांनी रेघ वर काढायला सांगितली. सरांनी नकार दिला. शेवटी ईश्वरप्पांनी तक्ताच उलटा टांगला. तेव्हा आठवडे खाली डोकं करून लटकले, पण चौथ्यात तेवढी उभारी दिसू लागली. तपासणीला आलेल्या साहेबांनी त्याचं कौतुक केलं आणि घागरींच्या रकान्याखाली पाणीटंचाई निवारण म्हणून सही केली.

लातूरला पहिला सामना जिंकला. श्रीमंतच्या शेवटच्या षटकाचा वेग पहिल्या षटकाएवढाच होता. दुसरा सामना तीन धावांनी गेला. परतीच्या एसटीत सर पेन्सिल काढून पुढच्या वर्षीचा पहिला आठवडा लिहीत होते. मध्येच थांबून त्यांनी शेजारच्या श्रीमंतला विचारलं, "खांदा कसा हाय?"

"बरा हाय," तो म्हणाला, "पण सर, घागरी उचलून आईचा दुखायलाय."

सरांनी वही मिटली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सगळा संघ सिद्धम्माच्या दारात घागरी घेऊन उभा होता.