ताट फिरेल, माणसं नाही

हैदराबाद संस्थान विलीन झालं, त्यानंतरच्या पहिल्या गणपतीत आमच्या सुलतान बाजारातल्या घरातली आरती मी ताब्यात घ्यायची ठरवली.

तोवर ताट बाबांच्या हातात असे आणि माझ्या हातात घंटा. मुलगी म्हणून घंटा! मी एकोणीस वर्षांची होते आणि पत्रकं वाचून वाढले होते. माझ्या मते अन्यायाला पत्रकाशिवाय उत्तर नव्हतं. बाबांनी माझं म्हणणं दोन दिवस ऐकलं आणि हात टेकले.

"आज पाहुणे आहेत. नीट पार पडलं, तर विसर्जनापर्यंत ताट तुझं. नाही तर मुकाट्याने घंटा."

दुपारी मी देवघराच्या दारावर नियम चिकटवले. एक : चपला बाहेर. दोन : टाळ्या तालात, ताल येत नसल्यास हात जोडून उभं राहावं. तीन : प्रसाद घेतल्याशिवाय कोणी जाऊ नये. चार : राजेशाही संपली आहे. आरती घेण्याचा पहिला मान कोणालाही नाही. ताट मधोमध धरलं जाईल. प्रत्येकाने स्वेच्छेने पुढे यावं.

आई चौथा नियम वाचून म्हणाली, "स्वेच्छेने? हैदराबादेत?" आणि मोदक वळायला गेली.

संध्याकाळी शेजारचे तेलुगू मास्तर बायकोसह आले. त्यांना आम्ही पंतुलुगारू म्हणत असू. मागोमाग बाबांचे स्नेही वकीलसाहेब आले. तीन पिढ्या सरकारदरबारी गेलेलं त्यांचं कायस्थ घराणं. बोलणं असं की शिंकले तरी आधी माफी मागत.

मी निरांजनात फुलवात लावली. ताट उजवीकडून वर, डावीकडून खाली, सावकाश फिरवू लागले. बाबा घंटा वाजवत होते, तालाशी कसलाही संबंध न ठेवता. पहिली आरती संपताच पंतुलुगारूंनी ज्योतीवर हात धरले. त्यांच्या घरी कापूर पेटला की हारती झाली. आमच्याकडे अजून चार आरत्या बाकी होत्या. बाईंनी त्यांचा सदरा ओढला.

शेवटी कापूर. आईची दांड्याची कापूरआरती कोनाड्यात होती, पण हातभर दांडा म्हणजे माणसामाणसांत अंतर, म्हणून मी वडी थेट पितळी ताटात पेटवली. ओवाळून झालं. घंटा थांबली, सगळ्यांनी हातात फुलं-अक्षता घेऊन मंत्रपुष्पांजली म्हटली आणि ती देवाला वाहिली. मग मी नवी वडी पेटवली आणि ताट घेऊन खोलीच्या मधोमध उभी राहिले.

कोणीच हललं नाही.

"पहले आप, पंतुलुजी," वकीलसाहेब झुकून म्हणाले.

"अय्यो! मुंदु मीरु," पंतुलुगारू त्याहून जास्त झुकले. आधी तुम्ही.

"आपके होते हुए? तौबा!"

"मीरु पेद्दवारु! तुम्ही मोठे!"

कापूर विझला. मी दुसरी वडी पेटवली. आता ताट तापलं होतं. मी ते या हातातून त्या हातात घेत होते आणि मधूनच एका पायावर उडत होते.

"नियमात मान कोणालाच नाही!" मी ओरडले.

वकीलसाहेबांनी चष्मा लावला, दारापाशी जाऊन कलम चार वाचलं आणि परत आले. "बेटी, पहिला कोण नाही, ते यात साफ लिहिलंय. पहिला कोण, ते लिहिलेलंच नाही. कायदा अधुरा आहे."

दुसरी वडीही विझली. डबीत फक्त चुरा उरला होता. बाबा घंटेकडे आणि मग माझ्याकडे असे बघत होते, जणू ती माझ्याकडे परत यायला निघालीच होती.

"कापूर गेला तर गेला," आई म्हणाली. "निरांजन तेवतंय ना? आण इकडे."

तिने पदराने ताट धरलं आणि दाराच्या सर्वांत जवळ उभ्या असलेल्या पंतुलुगारूंच्या बायकोसमोर नेलं. बाईंनी मुकाट्याने ज्योतीवर तळवे धरून डोळ्यांना आणि डोक्याला लावले. ताट पंतुलुगारूंसमोर गेलं. ते वाकायला लागले, पण ज्योत नाकाशी आल्यामुळे त्यांना सरळ व्हावं लागलं. वकीलसाहेबांच्या तोंडून "पहले" निघालं, आणि ज्योतीपुढे "आप" राहूनच गेलं. मिनिटाभरात सगळ्यांची आरती घेऊन झाली.

"असं," आई म्हणाली. "जो जिथे उभा, त्याच्यापुढे ताट. विचारत नाही बसायचं."

मी हरले होते. पण खरं सांगायचं तर कोणी लहान-मोठं राहिलं नव्हतं, आणि मला तरी दुसरं काय हवं होतं? प्रसाद वाटायच्या आधी मी सगळ्यांदेखत चौथा नियम खोडला आणि खाली लिहिलं : ताट फिरेल, माणसं नाही.

वकीलसाहेबांनी उजवा हात मोदकासाठी पुढे केला. "दुरुस्ती मंजूर," ते म्हणाले. "मुलीकडे ताट राहू द्या, साहेब. चूक सगळ्यांसमोर खोडणारी सरकारं मी फार पाहिली नाहीत."

बाबांनी बराच वेळ मोदक चावला. "ठीक. ताट तुझं. कापूर दांड्याच्या आरतीत."

दुसऱ्या दिवशी घंटा अर्थातच बाबांकडे होती. पहिल्याच कडव्यात त्यांनी ताल असा काही सोडला की आरती होताच मी पाचवा नियम लिहायला बसले.