बाईंच्या दंडाचं माप

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये एका डॉक्टरांच्या दवाखान्यात मी आठ वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम केलं. वजन, मधुमेह, ब्लड प्रेशर असे पेशंट यायचे. बदलापूरहून निघून साडेनऊला मी तिथे हजर असायचे आणि दुपारपर्यंत माझा अंगठा दुखायला लागायचा. कारण माझं मुख्य हत्यार म्हणजे कॅलिपर, मापाचा चिमटा. पेशंटच्या दंडामागची, पाठीवर खांद्याच्या हाडाखालची आणि कमरेवरची कातडी चरबीसकट दोन बोटांनी उचलायची, बोटांच्या जरा खाली कॅलिपरचे जबडे लावायचे, दोन सेकंद थांबायचं, काट्यावरचे मिलिमीटर वाचायचे. एका जागी तीनदा. मग कोष्टकात बघून अंगात चरबी किती टक्के ते काढायचं. बायका लाजायच्या, पुरुष हसायचे. मी शेकडो दंड चिमटीत धरले असतील.

हे माप फार अचूक नसतं, ते मला ठाऊक होतं. कोष्टक परदेशी अंगांवरून बनवलेलं, आणि दुसऱ्या कुणी मोजलं तर आकडा दुसराच यायचा. पण हात एकच आणि जागा तीच असली, तर माणूस भरतोय की झिजतोय ते महिन्यामहिन्याला कळायचं. एका मापाचे आम्ही पन्नास रुपये घ्यायचो.

मग डॉक्टरांनी मशीन घेतलं. अनवाणी त्याच्या पत्र्यांवर उभं राहायचं, अंगातून जाणवणारही नाही इतका बारीक करंट जायचा आणि मिनिटभरात छापील कागद बाहेर यायचा. चरबी इतकी, चरबीखेरीज वजन इतकं. त्याचे दोनशे रुपये. पेशंटला तो कागद फार आवडायचा. घरी नेऊन दाखवता यायचा.

त्याच सुमारास अंबरनाथहून एक बाई यायला लागल्या. शाळेतून रिटायर झालेल्या शिक्षिका. सांधेदुखी जुनी, बोटं वाकडी झालेली, आणि त्यासाठी कितीतरी वर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या चालू. पोट सुटलं म्हणून आमच्याकडे आल्या होत्या. मी त्यांना बाईच म्हणायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या तक्त्यातली बेरजेची चूक काढली होती.

चार महिन्यांत मशीन म्हणालं, बाईंची चरबी कमी झाली आणि बाकीचं वजन वाढलं. बाई खूश झाल्या. माझा कॅलिपर मात्र वेगळंच सांगत होता. दंडावरची घडी पातळ होत होती, ते ठीक. पण टेपने मोजलेला दंडाचा घेर त्याहून जास्त उतरला होता. म्हणजे चरबीबरोबर मांसही चाललं होतं. मी त्यांच्या नडगीवर अंगठा दाबला तर खळगा पडला आणि तसाच राहिला. पायांत पाणी होतं. करंट पाण्यातून सहज जातो, चरबीतून जात नाही. अंगात पाणी साचलं की ते यंत्र त्यालाच मांस समजतं.

मी डॉक्टरांना सांगितलं. ते गर्दीत होते.

"देख, मशीन लाखाचं आहे," ते म्हणाले. "तुझ्या चिमट्यापेक्षा त्याला जास्त कळतं. पायांच्या सुजेची गोळी देतो मी."

"पण स्टेरॉइड चालू आहे, सर. त्याने हाडंही झिजतात. दंड असा उतरतोय, तर हाडांचं काय? हाडांची डेक्सा तपासणी करायला सांगू का?"

"पुढच्या रविवारी कॅम्प आहे ना हाडांचा. फुकट. त्यात बघू."

रविवारी कॅल्शियमच्या गोळ्या विकणाऱ्या कंपनीचा माणूस एक पेटी घेऊन आला. टाचेला जेल लावायची, पाय पेटीत ठेवायचा, आवाजाच्या लहरी टाचेतून जातात आणि आकडा येतो. बाईंचा आकडा हिरव्या पट्ट्यात आला. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बघा, उगाच घाबरवत होतात."

मी म्हटलं, "बाई, टाच ठीक म्हणजे पाठ आणि खुबा ठीक असं नसतं. डेक्सात क्ष-किरणांनी थेट तिथलं हाड मोजतात. मांस आणि चरबीसुद्धा वेगळी काढता येते. मुंबईला होतं, दोन-अडीच हजार लागतील."

"तुमचा चिमटा एक सांगतो, मशीन दुसरं, ही पेटी तिसरं. आता चौथ्याला अडीच हजार द्यायचे? आधी तुमच्यातलं कोण चुकतंय ते ठरवा."

"चुकत कुणीच नाही. प्रत्येक जण वेगळं काहीतरी मोजतंय."

त्यांना ते पटलं नाही. खरं सांगायचं तर मीही नेट लावला नाही. बाहेर बारा जण बसले होते. माझं अंग मोडून आलं होतं. त्यांच्या फाइलवर मी 'डेक्साचा सल्ला दिला' असं लिहिलं आणि पुढचं नाव पुकारलं. ते वाक्य मी त्यांच्यासाठी लिहिलं की स्वतःसाठी, हे मला तेव्हाही माहीत होतं.

पुढचे दोन महिने बाई आल्या नाहीत. मग त्यांच्या यजमानांचा फोन आला. ते कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. बाईंनी पिठाचा डबा ओट्यावरून खाली उतरवला आणि पाठीत कळ आली. एक्स-रेत एक मणका दबलेला दिसला.

"तुम्ही सांगितलेली ती तपासणी आता करायची आहे," ते म्हणाले. "कुठे जायचं ते सांगा."

मी रजा टाकून बरोबर गेले. भाड्याच्या गाडीत बाई मागच्या सीटवर पडून होत्या. प्रत्येक खड्ड्याला डोळे मिटायच्या. मुंबईच्या सेंटरमध्ये त्यांना सपाट टेबलावर निजवलं, पायांखाली मोठी उशी दिली. वरून यंत्राचा एक हात सावकाश सरकत गेला. दहा-पंधरा मिनिटांत झालं, टोचणं नाही की दाबणं नाही. त्या यंत्राच्या किमतीत बदलापुरात तेव्हा तीन-चार फ्लॅट आले असते. असं यंत्र आमच्या भागात का नव्हतं, ते विचारायची गरज नव्हती.

तंत्रज्ञ मुलीने पडदा दाखवला. दबलेला मणका तिने हिशेबातून वगळला होता. "तो चेपलाय, म्हणून उलटा घट्ट दिसतो," ती म्हणाली. उरलेले मणके आणि खुबा तरुण माणसाच्या हाडांशी ताडून बघितले जातात. उणे अडीच किंवा त्याखाली म्हणजे हाडं ठिसूळ. बाईंचा खुबा उणे तीनच्या खाली होता.

बाईंनी कागद हातात घेतला आणि बराच वेळ वाचला. त्या एवढंच म्हणाल्या, "तुम्ही तेव्हा अजून एकदा सांगायला हवं होतंत."

मी "हो" म्हटलं.

सांध्यांच्या डॉक्टरांनी स्टेरॉइड हळूहळू कमी केलं आणि हाडांची गोळी दिली. आठवड्यातून एक, सकाळी उपाशीपोटी भरपूर पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. बाईंनी ती कधी चुकवली नाही. आमच्या डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, चष्मा काढून डोळे चोळले. त्यानंतर स्टेरॉइडवरच्या प्रत्येक पेशंटला ते स्वतः डेक्साची चिठ्ठी द्यायला लागले. त्यातले निम्मे जण जायचेच नाहीत, प्रवास आणि पैसे ऐकून. मी मात्र दुसऱ्यांदा सांगायचे, तिसऱ्यांदाही. काही जण वैतागायचे.

दोन वर्षांनी बाईंचं पुन्हा स्कॅन झालं, त्याच सेंटरमध्ये, त्याच यंत्रावर, कारण यंत्र बदललं की आकड्यांची तुलना होत नाही. खुब्याचा आकडा किंचित सुधारला होता. एवढा फरक यंत्राच्या चुकीतही बसतो, असं तिथल्या मुलीने प्रामाणिकपणे सांगितलं. निदान घसरला नव्हता. बाईंची उंची दीड इंच कमी झाली होती, ती काही परत येणार नव्हती. त्या दिवशी परतताना त्या गाडीत पडून नाही, माझ्या शेजारी बसून आल्या, आणि कल्याण येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होत्या.